क्रिएटिन कोणाला अधिक उपयोगी: धावपटू, वेगवान गोलंदाज की फुटबॉलपटू?

क्रिएटिन घ्यावे की नाही हे ठरवताना खेळाडू सहसा आपला खेळ कोणता हे पाहतात, पण त्याआधी दोन जोरदार हालचालींमध्ये विश्रांती किती मिळते हे मोजायला हवे. पूर्ण ताकदीने धावताना स्नायूंना थेट ऊर्जा देणारे एटीपी काही सेकंदांत संपू लागते आणि ते ताबडतोब भरून काढण्याचे काम क्रिएटिनपासून बनणारे फॉस्फोक्रिएटिन करते. हा साठाही अल्पावधीतच घटतो. विश्रांतीत तो पुन्हा भरतो खरा, पण जेवढी घट झाली असेल तिचा निम्मा भाग भरायलाच साधारण अर्धा मिनिट लागते आणि जवळजवळ पूर्ण भरण्यास तीन ते पाच मिनिटे लागतात. क्रिएटिन घेतल्याने स्नायूंतील एकूण क्रिएटिन सुमारे 10 ते 40 टक्क्यांनी वाढते, म्हणजे प्रत्येक वेळी सुरुवात थोड्या मोठ्या साठ्याने होते.

वेगवान गोलंदाजाचे षटक हे यासाठी सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. समजण्यापुरते असे धरू की प्रत्येक चेंडूसाठी रनअपपासून फॉलो-थ्रूपर्यंत साठ्यातील 30 एकके खर्च होतात आणि मार्कवर परत जाताना मिळणाऱ्या अर्ध्या मिनिटात घटीचा निम्मा भाग भरतो. 100 एककांनी सुरुवात केली, तर पहिल्या चेंडूनंतर 70 उरतात, दुसऱ्यापूर्वी 85 होतात, दुसऱ्यानंतर 55 उरतात, आणि याच क्रमाने सहाव्या चेंडूनंतर सुमारे 41 उरतात. तोच गोलंदाज 110 एककांनी सुरुवात करील, तर षटकाअखेरीस सुमारे 51 उरतील. प्रत्यक्ष स्नायू इतके सरळ वागत नाहीत, परंतु फायदा पहिल्या चेंडूपेक्षा पाचव्या-सहाव्या चेंडूवर का दिसावा हे यावरून कळते. दुसऱ्या टोकाकडून षटक टाकले जात असताना साठा बहुतांशी पूर्ववत होतो. म्हणून दिवसाच्या शेवटच्या स्पेलमधील थकवा क्रिएटिनने दूर होईल अशी अपेक्षा ठेवणे चुकीचे ठरेल, कारण त्या थकव्याची कारणे वेगळी आहेत.

फुटबॉलपटूची विश्रांती अनियमित असते. काही धावा दहा-पंधरा सेकंदांच्या अंतराने लागोपाठ येतात, तर कधी मिनिटभर नुसते चालणे असते. लागोपाठच्या धावांमध्ये मोठा साठा निश्चित उपयोगी पडतो, मात्र 90 मिनिटांच्या सामन्याचा मोठा भाग ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेवर अवलंबून असतो आणि तिला क्रिएटिनचा फारसा आधार नाही. शिवाय स्नायूंत पाणी साठल्यामुळे वजन एक-दोन किलो वाढू शकते, आणि ते वजन सामनाभर वाहून न्यावे लागते. विंगर किंवा वारंवार प्रेसिंग करणाऱ्या खेळाडूला हा व्यवहार परवडेल. मुख्यतः दीर्घकाळ मध्यम गतीने धावणाऱ्याला तो परवडेलच असे मी म्हणणार नाही.

शंभर मीटरच्या धावपटूला शर्यतीत एकदाच धावायचे असते, त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी मिळणारा थेट लाभ तिघांत सर्वांत कमी आहे आणि वाढलेले वजन उलट अडसर ठरू शकते. त्याचा फायदा सरावात आहे, तोही एक मिनिटाच्या विश्रांतीने सहा वेळा 60 मीटर धावण्यासारख्या सत्रांत आणि वेटलिफ्टिंगच्या सेट्समध्ये. प्रत्येक धावेनंतर पाच-सहा मिनिटे थांबून कमाल वेगाचा सराव करणाऱ्याला फरक कळणारही नाही.

प्रमाणाचा प्रश्न सोपा आहे. 1996 साली हुल्टमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रोज 20 ग्रॅम सहा दिवस घेतले किंवा रोज 3 ग्रॅम 28 दिवस घेतले, तरी स्नायूंतील पातळी जवळपास सारखीच होते. वजनाची काळजी असलेल्या धावपटूने दुसरा मार्ग घ्यावा आणि सुरुवात मोसमाआधी करावी. साधे मोनोहायड्रेट पुरेसे आहे. महागड्या प्रकारांनी अधिक लाभ झाल्याचा भक्कम पुरावा नाही. मांस-मासे न खाणाऱ्यांचा मूळ साठा कमी असल्याने त्यांच्यात वाढ बहुधा जास्त दिसते, तर ज्यांचा साठा आधीच भरलेला आहे त्यांना जवळपास काहीच जाणवत नाही.

उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीने सहा वेळा 30 मीटर धावून वेळा नोंदवाव्यात आणि चार आठवड्यांनी त्याच मैदानावर, तशाच विश्रांतीनंतर पुन्हा मोजाव्यात. पहिली धाव 4.20 आणि सहावी 4.50 सेकंद असेल, तर घसरण सुमारे 7 टक्के आहे, नंतर 4.20 आणि 4.40 आल्यास ती 5 टक्क्यांखाली आली. मात्र पहिली धावच 4.30 झाली असेल, तर घसरण कमी दिसूनही वेग गमावलेला असतो, आणि अशा वेळी वजनाचा काटा आधी पाहावा. या काळात रक्ततपासणी झाल्यास, मूत्रपिंडाचे काम तपासण्यासाठी मोजले जाणारे क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसू शकते, म्हणून आपण क्रिएटिन घेत आहोत हे डॉक्टरांना सांगावे; मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने त्यांच्या सल्ल्याशिवाय ते सुरूच करू नये.