वीस महिने चिट फंड भरल्यावर पासबुकातून निघालेला खरा हिशोब

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी माझाच एक जुना विद्यार्थी घरी आला, बाई बँकेत काय मिळतंय हल्ली, आमच्या चिटमध्ये या म्हणाला. कंपनी नोंदणीकृत, कराराची प्रत हातात दिली, तेवढं बघून मी हो म्हटलं. एक लाखाची चिट, वीस सभासद, महिना ५,००० हप्ता. मला पैशाची घाई नव्हती म्हणून तो म्हणाला शेवटचा नंबर घ्या, सगळ्यात जास्त फायदा तुम्हालाच. पैसे हातात येऊन आता महिना झाला, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी हे चालतं कसं ते सांगते, कारण मलाही सुरुवातीला नीट कळलं नव्हतं. दर महिन्याला लिलाव होतो, ज्याला गरज आहे तो सूट देऊन रक्कम उचलतो. दुसऱ्या महिन्यात एकाने २५,००० सोडले आणि ७५,००० घेऊन गेला. त्या २५,००० मधून कंपनीचं एक लाखावर ५ टक्के कमिशन म्हणजे ५,००० गेले (कायद्याने २०१९ पासून ७ टक्क्यांपर्यंत घेता येतं), उरलेले २०,००० वीस जणांत वाटले, म्हणजे माझा हप्ता १,००० ने कमी झाला. यालाच ते लाभांश म्हणतात. पैसे कुठे गुंतवून व्याज येत नाही, कुणाची तरी नड असते त्यातून हे येतं. आणि जसजसे गरजू लोक रक्कम उचलून बाजूला होतात तसतशी सूट कमी होते, शेवटी शेवटी माझा हप्ता ४,८०० वर आला होता.

चिटच्या पासबुकात शेवटच्या पानावर लिहिलं होतं, एकूण लाभांश ९,३००. मी खुश. मग बँकेचं पासबुक भरून आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवून एकेक ओळ पेन्सिलने टिक करत बसले. चौथ्या महिन्यात सगळ्यांचा हप्ता ४,००० होता, माझ्या खात्यातून मात्र ५,००० गेलेले. तेव्हा आठवलं, बहिणीकडे गेले होते, चेक सहा दिवस उशिरा दिला. करारात बारीक अक्षरात होतंच की उशीर झाला तर त्या महिन्याचा लाभांश नाही. एका चेकपायी १,००० गेले.

बँकेतून प्रत्यक्षात गेलेली सगळी बेरीज आली ९०,७००. हातात आले ९५,०००, कारण शेवटच्या सभासदाच्या रकमेतूनही कमिशन कापतात. म्हणजे फायदा ९,३०० नाही, ४,३००. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, लाभांशाचा आकडा मात्र दर महिन्याला सांगायचे.

आता हे किती टक्के? पहिला हप्ता जास्त दिवस अडकला, शेवटचा थोडेच दिवस, म्हणून सरळ ९०,७०० वर टक्के काढून चालत नाही. मी प्रत्येक हप्ता तो जितके महिने अडकून होता त्याने गुणला आणि सगळ्याची बेरीज केली. शेवटची रक्कम महिनाभरात मिळेल म्हणाले होते, मिळाली चार महिन्यांनी, आज सही राहिली, उद्या साहेब नाहीत. ज्याचे सगळे हप्ते भरून झालेत त्याच्याकडून जामीन घ्यायचा नसतो, मग एवढा वेळ कशाला? ते चार महिने धरून बेरीज आली १२,०४,८००. म्हणजे बारा लाख रुपये एक महिना दिल्यावर जे मिळेल तेवढे ४,३००, वर्षाला साधारण सव्वाचार टक्के. पोस्टाच्या आरडीला मी पैसे भरत होते तेव्हा ६.७ टक्के होते, तेही तिमाही चक्रवाढीने.

चेक वेळेवर दिला असता आणि रक्कम महिन्यात मिळाली असती तर हीच चिट सात टक्क्यांच्या जवळ गेली असती, तेही मी काढून बघितलं. म्हणजे चिट म्हणून वाईट नव्हती. ज्याला मधेच पैसे लागणार आहेत, मुलीचं लग्न, दुकानात माल भरायचाय, त्याला बँकेच्या दारात चकरा न मारता उचलता येतात आणि त्याच्या कामाची गोष्ट ती. शेवटचा नंबर घेऊन बचत म्हणून वापरणाऱ्याला मात्र आरडी बरी पडते, उशीर झाला तरी तिथे व्याज एवढं कापत नाहीत.

तो विद्यार्थी परवा पुन्हा आला होता, बाई नवीन ग्रुप सुरू होतोय. त्याला मी दोन्ही पासबुकं समोर ठेवून चौथ्या महिन्याची ओळ दाखवली, बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला बाई हे आम्हाला कुणी असं मांडून दाखवलंच नाही. मी नाव दिलं नाही. त्याला वहीचं ते पान फाडून दिलं.