जाळायचं की बघत राहायचं?

सोलापुरातले आमचे काका वीस वर्षं जळजळीचा दोष शेंगाचटणीला देत आले. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या ४ सेंमी भागात आतड्यासारखं अस्तर दिसलं, म्हणजे बॅरेट्स नावाचा विकार. बायोप्सीत लो-ग्रेड डिस्प्लेझिया निघाला, म्हणजे पेशींत पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारे सौम्य बदल. तो नसता, तर ३ सेंमीपेक्षा जास्त लांबी म्हणून पुढची तपासणी ३ वर्षांनी झाली असती. लांबी कमी असती तर ५ वर्षांनी.

आम्लाने सुजलेल्या पेशीही अशाच दिसतात. म्हणून काचपट्ट्या पुण्यातल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवल्या. निदान तेच आलं.

नुसती नजर ठेवायची, तर ६ महिन्यांनी, १२ महिन्यांनी आणि मग दरवर्षी एंडोस्कोपी. दर १ सेंमीला चारही बाजूंनी तुकडे घ्यायचे, तरी मधली जागा सुटू शकते.

रेडिओफ्रिक्वेन्सीने अस्तर जाळलं, तर कर्करोगाचा धोका बराच घटतो. पण त्याला दोन-तीन बैठका लागतात, आणि नंतर नलिका आकसून घास अडकू शकतो. शिवाय तपासणी सुटत नाहीच (काकांना हे पटेना!): अस्तर पूर्ण गेल्यावर १ वर्षाने, ३ वर्षांनी, मग दर २ वर्षांनी.

काका ६२ वर्षांचे, ठणठणीत. मी जाळण्याच्या बाजूने. ऐंशीतल्या हृदयरोग्याला मात्र हे सुचवलं नसतं.