वॉल हंग कमोड: चौदा महिन्यांनी, भिंतीआडच्या टाकीसकट

घरातल्या दोन बाथरूम एकाच वेळी नव्याने करून घेतल्या. मोठ्या बाथरूममध्ये भिंतीला लटकणारा वॉल हंग कमोड आणि भिंतीआड दडवलेली कन्सील्ड टाकी. छोटीत नेहमीचा, जमिनीवर बसवलेला, मागे उघडी टाकी असलेला. दोन्ही वापरून आता चौदा महिने झाले. फरशी पुसायला सोपं जातं, जागा मोकळी वाटते, हे सगळे सांगतात आणि ते खरं आहे. फडकं कमोडखालून सरळ या टोकाहून त्या टोकाला जातं. पण मला लिहायचंय ते भिंतीच्या आतल्या गोष्टींबद्दल, कारण या दोन कमोडमधला खरा फरक तिथेच आहे आणि टाइल्स लागल्यावर तो दिसत नाही.

आधी वजनाचं. जमिनीवरच्या कमोडमध्ये बसणाऱ्याचं वजन सरळ खाली फरशीत उतरतं. तळाचे स्क्रू फक्त कमोड सरकू नये म्हणून असतात. वॉल हंगमध्ये कमोड एखाद्या फळीसारखा भिंतीतून बाहेर आलेला असतो आणि सगळा भार मागच्या दोन बोल्टवर येतो. माझे सासरे ९० किलोचे. ते बसले की त्यांचा भार भिंतीपासून साधारण ३५ सें.मी. पुढे पडतो. कमोडची खालची कड भिंतीला टेकलेली असते आणि बोल्ट त्या कडेच्या सुमारे २५ सें.मी. वर. म्हणजे ९० गुणिले ३५ भागिले २५, ढोबळ हिशेबाने सव्वाशे किलोची ओढ त्या बोल्टना बाहेर खेचते, आणि तेवढ्याच जोराने खालची कड टाइलला आत दाबते. ९० किलो खाली तोलायचे ते वेगळेच. युरोपातल्या ईएन ९९७ या मानकात वॉल हंग कमोडवर साधारण ४०० किलोचा भार तासभर ठेवून चाचणी घेतात, त्यामुळे कमोडच्या ताकदीची मला चिंता नव्हती. पण ती चाचणी कमोडची असते, आपल्या भिंतीची नव्हे.

आमची ती भिंत हलक्या ब्लॉकची निघाली. मिस्त्रींनी एक भोक पाडून पाहिलं, तर विटेची लाल भुकटी न येता पांढरी मऊ पूड आली आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. अशा भिंतीत साधा प्लास्टिकचा प्लग आज घट्ट बसतो आणि रोजच्या ओढीने हळूहळू सैल होतो. त्यांनी तिथेच सांगितलं, "ताई, नुसती आखूड फ्रेम या भिंतीला लावून चालणार नाही. जमिनीवर पाय टेकणारी उंच फ्रेम घ्या."

फ्रेम म्हणजे कमोड आणि टाकी धरून ठेवणारा, भिंतीआड जाणारा लोखंडी सांगाडा. हा सल्ला आमच्या फार उपयोगी पडला. उंच फ्रेमचे दोन पाय फरशीखालच्या स्लॅबला बोल्टने पकडतात आणि वरची दोन टोकं साधारण एक मीटर उंचीवर भिंतीला जोडतात. भार पायांतून खाली जातो. वरच्या टोकांना फक्त फ्रेम पुढे कलंडू न देण्याचं काम उरतं. उंचीचा फायदा मिळाल्यामुळे तिथली ओढ सासऱ्यांच्या वजनाला चाळीसेक किलोच्या आसपास येते. तेवढ्यासाठीसुद्धा मिस्त्रींनी प्लग वापरले नाहीत. भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडच्या खोलीत रुंद लोखंडी पट्ट्या लावल्या आणि त्यांवर प्लास्टर केलं.

पायांच्या बाबतीत मात्र थोडक्यात वाचलो. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला होता आणि त्यावर विटांच्या तुकड्यांची भर होती. पाय त्या भरावात रोवले असते तर दिसायला सगळं ठीक दिसलं असतं, पण पकड शून्य. तिथली भर काढून, पायांखाली स्लॅबपासून वरपर्यंत काँक्रीटचे ठोकळे ओतून, ते नीट वाळल्यावर फ्रेम उभी केली. यात चार दिवस जास्त गेले.

दुसरी गोष्ट भिंत खोदण्याची. टाकी साधारण १२ सें.मी. जाड असते. चार इंची भिंतीत ती बसवायला गेलं तर भिंत जवळजवळ आरपार कापावी लागते. हे करू देऊ नका. आम्ही जुनी भिंत न खोदता तिच्यापुढे फ्रेम उभी केली आणि फ्रेमभोवती सव्वा मीटर उंचीचं बांधकाम केलं. बाथरूमची लांबी तेवढी कमी झाली, पण वर साबण-टॉवेल ठेवायला कट्टा मिळाला. कमोडची कड जिथे टेकते तिथल्या टाइल्सच्या मागे पोकळी राहता कामा नये. टाइलवर नाण्याने टकटक करून पाहा. ढब्ब असा पोकळ आवाज आला तर कमोड चढवण्याआधीच ती टाइल काढून पुन्हा लावून घ्या. नाहीतर मघाशी सांगितलेला दाब तिला फोडतो.

बसण्याची उंची फ्रेम लावतानाच ठरते. फ्रेमवर एक मीटरची खूण असते, ती तयार फरशीपासून मोजायची, टाइल्स लागण्याआधीच्या जमिनीपासून नाही. सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी आम्ही सीट थोडी उंच, ४३ सें.मी.वर ठेवली. जमिनीवरच्या कमोडमध्ये ही मोकळीक नाही, भांडं येतं तेवढीच उंची.

तिसऱ्या महिन्यात कमोडच्या वरच्या कडेला सिलिकॉनमध्ये केसाएवढी चीर दिसली. माझ्या पोटात गोळा आला. भिंत सुटली असेल तर सगळं फोडावं लागणार. मिस्त्रींनी फोनवर एक साधी तपासणी सांगितली. कमोडच्या दोन्ही बाजूंना, टाइलवर आणि कमोडवर मिळून, पेन्सिलने एक सरळ रेघ ओढली आणि सासऱ्यांना बसायला सांगितलं. मी खाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहत होते. कमोडवरची रेघ टाइलवरच्या रेघेच्या मिलिमीटरभर खाली गेली आणि ते उठल्यावर परत जागेवर आली. टाइल हलली नाही, टाइल्समधल्या ग्राउटला कुठेही तडा नव्हता. म्हणजे फ्रेम आणि भिंत पक्की होती. कमोड आणि टाइलमधली फोमची गादी दबून नट सैल झाले होते. टाइलसुद्धा हलली असती किंवा ग्राउट फुटलं असतं तर दोष आत आहे असं समजून वापर लगेच थांबवायचा. आमचे नट त्यांनी येऊन आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एकदम जोर लावला तर चिनी माती तडकते. जुनं सिलिकॉन खरवडून नवं भरताना खालची कड मुद्दाम मोकळी ठेवली, म्हणजे मागचा सांधा कधी गळलाच तर पाणी तिथून बाहेर येऊन दिसेल. जमिनीत जाणाऱ्या नळाच्या कमोडला हा फायदा नाही; त्याचा सांधा भांड्याखाली असतो आणि गळती बरेचदा खालच्या छताला ओल आल्यावरच कळते.

आता टाकी. "आत काही बिघडलं तर टाइल्स फोडायच्या का?" हा प्रश्न आईने पहिल्याच दिवशी विचारला होता. उत्तर अकराव्या महिन्यात मिळालं. रात्री टाकी आपोआप भरल्याचा हिस्स आवाज येऊ लागला, तासाभराने पुन्हा. कोणी फ्लश केलेला नसताना टाकी भरते याचा अर्थ पाणी कुठेतरी जातंय. भांड्याच्या मागच्या उतारावर कोरडा टिश्यू चिकटवला, वीस मिनिटांत तो मधोमध भिजला. म्हणजे पाणी भिंतीत न जाता भांड्यातच उतरत होतं. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

भिंतीवरची फ्लश प्लेट हेच टाकीचं दार. आमची खालून किंचित वर ढकलली की सुटते. मागे दोन स्क्रूंची चौकट, मग एक प्लास्टिकचं झाकण, आणि त्यामागे जेमतेम हात जाईल एवढी खिडकी. पाणी बंद करायचा छोटा कॉकही आतच असतो. प्लेट काढल्यावर मी आधी काहीच न करता थांबले. कारण प्लेटच्या बटणामागच्या दांड्या जरा लांब राहिल्या तर त्या झडप किंचित उचलून धरतात आणि प्लेट काढताच गळती थांबते. आमची थांबली नाही, म्हणजे दोष झडपेखालच्या रबरी सीलमध्ये. कॉक बंद केला, टाकी रिकामी केली, बटणांची पट्टी काढली, झडप थोडी फिरवून वर उचलली, तिचा वरचा भाग दुमडला आणि ती तिरकी करून बाहेर घेतली. सीलवर क्षाराचा पांढरा थर होता आणि कडेला ग्राउटचा एक टणक कण रुतलेला. टाकीची खिडकी बांधकामाच्या वेळी नीट झाकली नव्हती, त्याचा हा प्रसाद. सील अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवलं, बोटाने चोळून धुतलं, झडप बसते ती गोल कडही पुसली आणि सगळं उलट क्रमाने जोडलं. पहिल्यांदाच करत होते म्हणून पाऊण तास गेला. टाइल एकही निघाली नाही. नवा टिश्यू रात्रभर कोरडा राहिला.

छोट्या बाथरूममध्ये तसाच आवाज आला होता, तिथे झाकण उचलून पाहायला दहा सेकंद लागली आणि फ्लोट सरळ करायला दोन मिनिटं. दुरुस्तीच्या सोयीत जमिनीवरचा कमोड उजवा आहे, यात मला शंका नाही. भिंतीआडच्या टाकीत झडप, सील, पाणी भरणारा व्हॉल्व्ह हे सगळं खिडकीतून निघतं. पण टाकीचं भांडंच तडकलं किंवा फ्लशचा नळ फ्रेमच्या आत सांध्यात सुटला, तर भिंत उघडण्यावाचून इलाज नाही. म्हणून टाइल्स लावण्याआधी टाकी भरून, रात्रभर ठेवून, सगळे सांधे हाताने चाचपून पाहा. आमच्याकडे या तपासणीत एक सांधा ओला सापडला होता, तो तेव्हाच पुन्हा बसवला.

त्याच वेळी मी उघड्या फ्रेमचे फोटो काढून ठेवले: शेजारी मोजपट्टी लावून, टाकीवरचा मॉडेल क्रमांक वाचता येईल असे. सील बदलायची वेळ आली तर तो क्रमांक लागतो. तो आता प्लेटमागच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही पक्क्या शाईने लिहिला आहे.

वर्षातून एकदा जेवढं करायचं तेवढं: पेन्सिलच्या रेघेची तपासणी, टिश्यूची तपासणी, आणि आतला कॉक एकदा पूर्ण बंद करून उघडणं, म्हणजे गरज पडेल तेव्हा तो जाम झालेला नसेल. टाकीत सुगंधी किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाकत नाही, त्याने रबर कडक होतं. छोट्या बाथरूमची भिंतही त्याच ब्लॉकची आहे आणि तिथे भिंतीपुढे फ्रेम उभी करायला जागा नाही, म्हणून तिथला कमोड आहे तसा जमिनीवरच राहणार.