सर्दीत जेवण, तापात लंघन?

'सर्दीत खावे, तापात उपाशी राहावे' या इंग्रजी म्हणीचा उत्तरार्ध साताऱ्याकडील घरांतही लंघन म्हणून पाळला जातो. शरीराचा खर्च पाहिला, तर मात्र म्हण जवळजवळ उलटी ठरते. साध्या सर्दीत तापमान फारसे वाढत नसल्याने जादा जेवण लागत नाही. तापात दर अंश सेल्सिअसला ऊर्जेचा खर्च सुमारे १० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे पडून राहूनही रोज १५०० कॅलरी लागणाऱ्याला ३९ अंशांवर सुमारे १८०० लागतात. तरीही भूक मरते, कारण संसर्गाशी लढताना शरीरात तयार होणारी रसायनेच ती दाबतात. म्हणून धडधाकट माणसाने एक-दोन दिवस कमी खाल्ल्याने बिघडत नाही. पाणी तोडणे मात्र घातक आहे: लघवी कमी व गडद झाली, की मीठ घातलेली पातळ पेज घोटघोट द्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी लंघन करूच नये.