मशीनने लिहिलेलं ओळखणारं सॉफ्टवेअर : आठ महिन्यांनंतर

परवा वर्गणी पुढे चालू ठेवण्याबद्दल निरोप आला म्हणून लिहायला बसलो. आमचा छोटा दिवाळी अंक निघतो, पुण्यातून, सदाशिव पेठेतल्या एका खोलीतून. त्याची कथास्पर्धा असते. गेल्या वर्षी तीन कथा सरळसरळ मशीनने लिहिलेल्या निघाल्या, तेव्हा घाबरून हे ओळखयंत्र घेतलं. वर्षाचे पैसे एकदम भरले की सूट होती, आणि सूट दिसली की माझी बुद्धी चालत नाही. यंत्राचं नाव देत नाही. या जातीची बरीच वापरून पाहिली, दोष सारखाच आहे.

पहिले चार महिने मी खूश होतो. मजकूर चिकटवायचा, बटण दाबायचं, टक्का येतो. शहरी लेखकांच्या गुळगुळीत कथांना साठ-सत्तर पडायचे, तेव्हा तर मला मनातून आनंदच व्हायचा. त्या कथा मलाही आवडल्या नव्हत्या.

मग अकोल्याकडच्या एका निवृत्त गुरुजींची कथा आली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वऱ्हाडी, निवेदनसुद्धा. यंत्र म्हणालं, ९१ टक्के मशीन. मी नियमाप्रमाणे नकार कळवला. दुसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन. "साहेब, मले त कॉम्प्युटर लावताबी येत नाही. वहीत लिहिलं, नातीनं टाइप करून देल्लं." संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो आले. खाडाखोड, समासात बाण, एका पानावर चहाचा डाग. मला फार लाज वाटली.

त्या रात्री निकालाचं पान पहिल्यांदा नीट पाहिलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात `Language: Hindi` असं लिहिलं होतं. आठ महिन्यांतला माझा सगळा राग या एका ओळीवर आहे, त्यामुळे तिच्यावर जरा जास्त लिहितो.

मराठी, हिंदी, नेपाळी सगळ्या देवनागरीत. त्यामुळे लिपी पाहून भाषा कळत नाही, यंत्राला खुणा शोधाव्या लागतात. मराठीची ठळक खूण म्हणजे ळ, जो प्रमाण हिंदीत नाही. मग 'आहे', 'मला', 'तुला'. आता गुरुजींचं वाक्य घ्या : 'माय आभायाकडे पाहून राह्यली होती.' वऱ्हाडीत ळ चा य होतो, आभाळाचं आभाय, डोळ्यांचे डोये. 'मला' चं 'मले'. 'पाहत होती' ऐवजी 'पाहून राह्यली होती', आणि ही रचना हिंदीतल्या 'रही थी' च्या शेजारी जाऊन बसते. म्हणजे ज्या खुणांवर मराठी ओळखायची, नेमक्या त्याच बोलीत गळतात. आणि भाषा एकदा चुकली की पुढचा टक्का दुसऱ्याच भाषेच्या मापाने काढलेला असतो. सदऱ्याचं माप घेऊन चप्पल शिवल्यासारखं.

खात्री करायला एकच गोष्ट केली. गुरुजींच्या कथेच्या डोक्यावर आमच्या संपादकीयाचा एक प्रमाण मराठीतला परिच्छेद चिकटवला. कथेत अक्षरही बदललं नाही. भाषा 'मराठी' झाली आणि ९१ चे १४ झाले. धुळ्याच्या एका अहिराणी कथेवर हेच केलं, तिथेही तसंच. अहिराणीत तर 'आहे' च्या जागी 'शे' येतं, मग यंत्राने ओळखायचं कशावरून?

इथपर्यंत माझं मत असं होतं की भाषेचं खातं दुरुस्त केलं की बोलीवरचा अन्याय मिटला. तसं कंपनीला कळवलंही. उत्तर इंग्रजीत आलं, मराठी चालते म्हणून. मी वऱ्हाडीबद्दल विचारलं होतं.

पुढे मुद्रितशोधक काकूंनी माझं मत बदलायला लावलं. त्या म्हणाल्या, "अहो, आपले जुने अंक घालून बघा की. तेव्हा कुठे होती ही मशीनं?" इतका साधा उपाय मला सुचला नव्हता. चॅटजीपीटी आलं २०२२ च्या नोव्हेंबरात. त्याआधी छापलेली कथा माणसाचीच, त्यामुळे तिथे यंत्र चुकलं तर चूक निर्विवाद यंत्राची. २०११ चा अंक काढला. फाइली जुन्या फॉन्टमधल्या, युनिकोडमध्ये आणताना ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार इकडेतिकडे उडाले. तशाच कच्च्या घातल्या तर सगळ्या कथा 'माणसाच्या'. काकूंनी दोन दिवस बसून एक कथा शुद्ध केली, तीच पुन्हा घातली, तर टक्का ११ वरून ६८ वर. काकू म्हणाल्या, "म्हणजे मी हात लावला की मशीन होते?"

होते, कारण अशा यंत्रांचं एक मुख्य माप असं असतं : पुढचा शब्द मला आधीच सांगता आला असता का? वर्तमानपत्र, सरकारी पानं, विकिपीडिया असल्या प्रमाण मजकुरावर यंत्र शिकलेलं. त्याला पुढचे शब्द सहज सांगता आले तर संशय, अडखळलं तर माणूस. 'काहून' ला ते अडखळतं, 'राह्यली' चे तर तुकडे तुकडे करून वाचतं. चुकलेल्या वेलांटीलाही तसंच अडखळतं. त्याच्या लेखी बोली आणि टायपिंगची चूक एकच. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना इंग्रजीत याच मापाची दुसरी बाजू दिसली होती. परभाषक विद्यार्थ्यांचे साध्या शब्दांतले निबंध अशी यंत्रं सर्रास मशीनचे ठरवत होती.

आपल्याकडच्या ग्रामीण कथेत याची गंमत होते, कारण बहुतेकदा निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत असतात. परिच्छेदवार निकाल काढला तर एकाच लेखकाचं निवेदन लाल आणि संवाद हिरवे. एकूण टक्का म्हणजे पात्रं किती बोलतात याचा हिशेब.

मग उलटी परीक्षा. भाच्याने मशीनकडून लिहवून आणलेली एक कथा होती, ८८ टक्के. तिच्यात मी 'मला' चं 'मले', 'का' चं 'काहून', 'तो' चं 'थो' केलं, चहा गार होण्याच्या आत. भाषा 'मराठी'च राहिली आणि टक्का १९. म्हणजे बोली कधी निष्कारण अडकते, कधी निष्कारण सुटते, आणि दोन्ही वेळा कारण एकच : यंत्राला फक्त प्रमाण मराठी ओळखीची. माझी ही बनावट कथा नागपूरच्या मित्राला पाठवली. त्याने तिसऱ्या ओळीला पकडली. "मले म्हणतो अन् आभाळ म्हणतो? हे कुठलं रे गाव?"

वर्गणी पुढे चालू ठेवत नाहीये. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून तोवर प्रमाण मराठीतल्या लेखांवर वापरीन, तेही पहिली शंका घेण्यापुरतं, आणि भाषेची ती बारीक ओळ आधी वाचून. बोलीतल्या कथांसाठी आता कच्च्या वहीच्या दोन पानांचे फोटो मागवतो आणि त्या भागातल्या एकाला वाचायला देतो. त्याला मानधन म्हणून अंकाची एक प्रत. यंत्रापेक्षा स्वस्त पडतं.

गुरुजींची कथा अंकात आहे. काकूंनी सवयीने 'आभायाकडे' खाली लाल रेघ मारली होती. मी गुरुजींना फोन करून विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या, तिले आभायच माहीत होतं."