ग्राहकाची वेगळी प्राइस लिस्ट की प्रायसिंग रूल?

ईआरपीनेक्स्ट या व्यवसायाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठरलेल्या ग्राहकाला ८ टक्के कमी दर द्यायचा, तर दोन मार्ग आहेत: त्याच्यासाठी दरांची वेगळी यादी, किंवा मूळ दरावर आपोआप सूट लावणारा रूल. मेहनतीचा फरक उघड आहे. ४० ग्राहक आणि ३०० वस्तू असतील, तर वेगळ्या याद्यांत १२,००० दर सांभाळावे लागतात आणि मूळ दर वाढला की सगळे पुन्हा भरावे लागतात. रूलमध्ये ग्राहकामागे एक नोंद पुरते.

पण खरी गोम मंजुरीत आहे. मूळ दर १००० रुपये, १० टक्क्यांवर सूट गेली की साहेबांची मंजुरी हवी, असं समजा. वेगळ्या यादीत दर ९२० दिसतो आणि सूट शून्य. विक्रेत्याने आणखी १० टक्के दिले की दर ८२८ होतो. प्रत्यक्षात १७.२ टक्के गेले, तरी मंजुरीच्या वर्कफ्लोला `discount_percentage` या सुटीच्या रकान्यात १०च दिसतात आणि कोटेशन बिनबोभाट सुटून सेल्स ऑर्डर होते. रूलमध्ये मूळ १००० आणि सूट ८ वेगळी दिसते. ती १८ झाली की कोटेशन मंजुरीसाठी अडते.

टक्क्यांत सूट देणाऱ्यांनी रूलच घ्यावा. वस्तूगणिक वर्षभराचा करारदर ठरलेला असेल, तर वेगळी यादी बरी. मात्र तिथे मंजुरीची मर्यादा शून्य टक्के ठेवा.