गेटचा खांब की पोर्चचा कोपरा? फोटो बघून कॅमेऱ्याची जागा ठरवताना

लातूरच्या मावशीने परवा घराचा फोटो पाठवला. पश्चिमेकडे लोखंडी गेट, तिथून दारापर्यंत बावीस फूट फरशी, उत्तरेला मागच्या न्हाणीकडे जाणारा चार फुटी बोळ. "कॅमेरा एकच घ्यायचाय. कुठं लावू, सांग बाबा."

तिचा फोटो छातीच्या उंचीवरून घेतलेला होता, म्हणून त्यावरून काही ठरवू दिलं नाही. स्टुलावर चढून, कॅमेरा जिथं येणार तिथं फोन आडवा धरून पुन्हा काढायला लावला. 0.5x वर दिसतं तेवढं साधारण 2.8 मिमीच्या भिंगातून दिसतं. 4 मिमीचं भिंग 1x पेक्षा थोडं जास्त दाखवतं.

गेटच्या खांबावर चेहरा सगळ्यात जवळून मिळतो, हे खरं. पण खांब साडेसहा फुटांचा, कोणीही हात वर करून कॅमेरा फिरवेल. वायफाय दोन भिंती ओलांडून तिथवर क्षीण होतं, आणि समोरच्यांचं अंगणही चित्रात येतं. मी ही जागा सोडली.

दाराच्या बरोबर वर सुतारालाही सोपं आणि वायरही झाकते. मात्र मावशीने संध्याकाळी साडेपाचला तिथून काढलेल्या फोटोत गेटवरचा दूधवाला नुसती काळी सावली दिसत होता, कारण सूर्य थेट समोर. शिवाय बोळाचं तोंड चित्रात नव्हतंच.

बोळात लावला तर मागून येणारा सापडतो, पण गेट सुटतं. दोन कॅमेरे असते तर दुसरा इथंच लावला असता.

राहिला पोर्चचा दक्षिण कोपरा, साडेआठ फुटांवर, तोंड वायव्येला. तिथून गेट आणि बोळाचं तोंड दोन्ही येतात, आणि सूर्य भिंगाच्या अगदी मधोमध येत नाही. उन्हाळ्यात कडेने तिरीप येईल, म्हणून डब्ल्यूडीआर, म्हणजे झगझगीत उजेड आणि सावली दोन्ही एकाच चित्रात सांभाळण्याची सोय, असलेलाच कॅमेरा घ्यायला सांगितलं.

भिंग मात्र 4 मिमीचं. फुल एचडी कॅमेऱ्यात बावीस फुटांवर 2.8 मिमीने मीटरभर रुंदीला शंभरेक पिक्सेल मिळतात, 4 मिमीने दीडशेच्या आसपास. ओळखीचा माणूस त्यात कळतो. अनोळखी चेहरा पटवायला अडीचशे लागतात, म्हणजे तो माणूस साधारण तेरा फुटांवर यायला हवा. दाराकडे येणारा तेवढा जवळ येतोच. गेटवरूनच परतलेल्याचा चेहरा मिळणार नाही, हे मावशीला आधीच सांगून ठेवलं.

भोक पाडण्याआधी कॅमेरा टेपने चिकटवून एक रात्र चालू ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघितलं, तर रात्रीच्या चित्राचा वरचा भाग पांढराफटक आणि अंगण अंधारलेलं. चुन्याच्या छतावर कॅमेऱ्याचाच इन्फ्रारेड उजेड आपटून परत येत होता. कॅमेरा वीतभर खाली घेतला, छत चित्रातून गेलं, आणि गेटची कडी स्पष्ट दिसायला लागली. मग ड्रिल मागवलं.